चौकटीच्या बाहेर काय होतं?

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. चित्रवाचन घेतलं की मुलं 'छान आहे', 'बाई गरीब आहे' याच्या पुढे सरकत नाहीत. जाहिरात, पेपरमधला फोटो आणि चित्र शेजारी ठेवून शिकवावं असं ऐकलं, म्हणून करून पाहिलं. जाहिरातीपासून सुरुवात केली, तर दुसऱ्याच दिवशी मुलं म्हणायला लागली, 'बाई, सगळंच खोटं असतं.' वर्गात ४२ मुलं, प्रोजेक्टर नाही, तास ३५ मिनिटांचा. काय दाखवायचं, कोणत्या क्रमाने, आणि मार्क कसे द्यायचे?

उत्तर:

ताई, गडबड क्रमात आहे. जाहिरात मुलांच्या ओळखीची असते, वर्ग लगेच बोलता होतो, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. पण जाहिरात आपल्याला काहीतरी विकायला बघते हे सातवीतल्या मुलाला आधीच ठाऊक असतं. त्यामुळे पहिल्या तासालाच 'यांनी आपल्याला कसं गंडवलं' हे शोधायचा खेळ सुरू होतो, आणि तीच नजर घेऊन मुलं पुढे फोटोकडे आणि चित्राकडे वळतात. शंका घ्यायला शिकतात, पण बघायचं राहूनच जातं.

मी उलटा जातो: आधी चित्र, मग फोटो, शेवटी जाहिरात. दुसरी अट अशी की तिन्हींचा विषय एकच हवा. चित्र देवीचं, फोटो पुराचा आणि जाहिरात मोटरसायकलची असली की मुलं देवी आणि मोटरसायकल यांचीच तुलना करत बसतात. विषय एक ठेवला की उरतो तो फक्त करणाऱ्याच्या हेतूतला फरक, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. मी बहुतेक वेळा 'आई आणि मूल' हा विषय घेतो. तिन्ही प्रकारांत तो भरपूर सापडतो, आणि त्यावर ज्याला काहीच म्हणायचं नाही असं मूल वर्गात नसतं.

तीन तासांत मुख्य प्रश्न एकच ठेवा: चौकटीच्या बाहेर काय होतं? प्रश्न तोच, पण उत्तराची जात तिन्ही ठिकाणी वेगळी निघते. हे मुलांच्या लक्षात आलं की 'सगळंच खोटं' हे वाक्य आपोआप मागे पडतं.

साहित्य थोडं लागतं. चित्रासाठी राजा रविवर्मा यांचं १८९३ सालचं 'देअर कम्स पापा', म्हणजे 'बाबा आले'. फोटोसाठी डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला, 'मायग्रंट मदर' या नावाने ओळखला जाणारा फोटो आणि त्याच वेळी काढलेले त्याच बाईचे बाकीचे फोटो. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या loc.gov या संकेतस्थळावर Migrant Mother असं शोधलंत की ते मिळतात. सरकारी कामासाठी काढलेले असल्याने त्यांच्यावर कॉपीराइट नाही. जाहिरात मात्र तुमच्याकडे येणाऱ्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीतलीच घ्या. प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही. चार-पाच मुलांत एक ए-फोर प्रिंट पुरते. फक्त झेरॉक्स काढू नका. झेरॉक्समध्ये मधल्या करड्या छटा उडतात, चेहऱ्याचा काळा डाग होतो आणि मुलं त्या डागावरच अंदाज बांधत बसतात. फोटो स्टुडिओतून किंवा लेझर प्रिंटरवरून नऊ-दहा चांगल्या प्रती काढल्या की त्या वर्षानुवर्षं टिकतात.

आणखी एक गोष्ट लागते ती फुकटची आहे. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कार्डातून काटकोनी पट्ट्या कापून घ्या, प्रत्येक गटाला दोन. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर उलट्या ठेवल्या की मध्ये चौकोन तयार होतो आणि सरकवून तो लहानमोठा करता येतो. ही झाली मुलांची हातातली चौकट. तिचं काम दुसऱ्या तासाला पडेल.

पहिला तास चित्राचा. चित्राचं नाव सांगू नका, रविवर्मांचंही सांगू नका. दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून फक्त बघायचं. सातवीच्या वर्गात दोन मिनिटं शांतता म्हणजे फार वाटते, पण घड्याळ लावून पाळा; बारकावे दुसऱ्या मिनिटातच सापडतात. मग फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'दिसतंय' लिहा, उजवीकडे 'वाटतंय'. मूल जे बोलेल ते कोणत्या बाजूला जाईल हे वर्गानेच ठरवायचं. 'पांढरं वस्त्र आहे' डावीकडे. 'श्रीमंत घरातली आहे' उजवीकडे, आणि लगेच प्रश्न, कशावरून? मग दागिने, वस्त्राचा काठ, खोलीची मांडणी डावीकडे येतात आणि बाण काढून 'श्रीमंत'ला जोडली जातात. तुमच्या मुलांचं 'बाई गरीब आहे' हे वाक्य चूक नाही. ते उजवीकडचं वाक्य आहे, आणि त्याला डावीकडचा आधार अजून मिळालेला नाही, एवढंच.

फिलिप येनावाइन आणि अ‍ॅबिगेल हाउसेन यांनी संग्रहालयांतल्या मुलांसाठी बसवलेली तीन प्रश्नांची एक पद्धत शिक्षकांमध्ये प्रसिद्ध आहे. या चित्रात काय चाललंय? असं कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? पहिल्या तासाला एवढे तीन प्रश्न पुरतात. शिक्षकाने मध्ये माहिती घालायची नाही, 'बरोबर'ही म्हणायचं नाही. मूल बोललं की त्याने सांगितलेल्या जागेवर बोट ठेवायचं आणि त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं. 'बरोबर' म्हटलं रे म्हटलं की बाकीची मुलं चित्राकडे बघायचं सोडून तुमच्या तोंडाकडे बघायला लागतात.

या चित्रात एक तरुण स्त्री बाळाला कडेवर घेऊन उभी आहे, जवळ कुत्रा आहे, आणि मायलेकरांचं लक्ष चौकटीच्या डाव्या कडेपलीकडे आहे. थोड्या वेळाने कोणीतरी विचारतंच, 'ती कुणाकडे बघतेय?' मी या प्रश्नाची वाट बघत असतो. मग मुलांना लिहायला सांगतो: डावीकडे चौकटीबाहेर काय आहे, एका वाक्यात. भाजीवाला, साप, देवळाची मिरवणूक, शाळेतून येणारी ताई, काहीही येतं. चार-पाच वाक्यं वाचून झाली की मग चित्राचं नाव सांगतो. बाबा आले! वर्गात हशा पिकतो आणि लगेच कोणीतरी म्हणतं, 'पण बाबा तर दाखवलेच नाहीत.'

इथे थांबा आणि विचारा, चित्रकाराला बाबा काढता येत नव्हते का? उत्तर मुलांकडूनच येऊ द्या. बाबा दाखवले असते तर आपण त्यांच्याकडेच बघत बसलो असतो, हे सातवीच्या मुलांना नीट कळतं. चित्रात चौकटीबाहेर जे आहे तेही चित्रकारानेच रचलेलं असतं. डावीकडे खरोखर कोणी येत नव्हतं. ही मुलगी रविवर्मांची स्वतःची लेक महाप्रभा आणि बाळ तिचा मुलगा. ती घरात कधी अशी उभी राहिली असेल, नसेल, पण चित्रातलं तिचं उभं राहणं, बघणं आणि न दिसणारा बाप हे सगळं ठरवून केलेलं आहे. तरी त्याला आपण खोटं म्हणत नाही, कारण 'हे असंच घडलं' असा दावा चित्र करत नाही.

वर्ग हुशार असेल तर आणखी एक पदर उलगडता येतो. केरळातल्या ज्या समाजात मूल आईच्या घराण्याचं धरलं जायचं आणि वडील बहुधा वेगळ्या घरी राहायचे, त्या समाजाच्या संदर्भात अभ्यासकांनी या चित्रातल्या 'बाबांच्या येण्या'वर बरंच लिहिलं आहे. पण सहावीला हे सांगायच्या भानगडीत मी पडत नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो. यासाठी शक्यतो जोडतास मागून घ्या, ३५ मिनिटांत तो घाईचा होतो. सुरुवातीला फक्त प्रसिद्ध फोटो द्या, तोही ओळीविना. मध्ये बाई, हात गालापाशी, नजर कॅमेऱ्याकडे नाही, कुठेतरी लांब. दोन बाजूंना दोन मुलं तिच्या खांद्यांना टेकलेली, तोंडं पलीकडे वळवलेली. मांडीवर तान्हं मूल. पुन्हा दोन मिनिटं शांतता, पुन्हा 'दिसतंय' आणि 'वाटतंय'. विरलेली बाही, कपाळावरच्या आठ्या, मळलेलं बाळ हे सगळं डावीकडे येईल. मग प्रत्येक गटाने फोटोखाली एक ओळ लिहायची, पेपरात छापतात तशी. कागद गोळा करून बाजूला ठेवा.

इथे एक जपायची गोष्ट. तुमच्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली मुलं असतील तर फोटोतलं बरंच काही त्यांनी आतून पाहिलेलं असतं, आणि 'गरीब', 'बिचारी' हे शब्द त्यांना लागतात. पुढे रुंद फोटोत तंबू दिसेल तेव्हा कोपीत राहिलेलं मूल इतरांपेक्षा कितीतरी जास्त सांगू शकतं, पण ते त्याच्या मर्जीवर सोडा. 'तू सांग, तुम्ही असेच राहता ना' असं चुकूनही विचारू नका.

आता तेव्हाच काढलेले बाकीचे फोटो वाटा. त्यांत लँग हळूहळू जवळ सरकताना दिसतात. लांबून काढलेल्या फोटोत उघडा तंबू आहे, सामान आहे, आणि झुलत्या खुर्चीत बसलेली एक मोठी मुलगी आहे. प्रसिद्ध फोटोत ही मुलगी नाही. आता काटकोनी पट्ट्या काढायला सांगा. लांबच्या फोटोवर चौकट ठेवायची आणि सरकवत सरकवत प्रसिद्ध फोटोच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. मग उलट, हळूहळू उघडायची. मोठी मुलगी चौकटीत आली की काय बदलतं? तंबू आला की काय बदलतं? मुलं हे हाताने करतात म्हणून ते डोक्यात बसतं. एका गटातल्या मुलीने मला सांगितलं होतं, 'सर, मोठी ताई आली की आई एकटी वाटत नाही.' फोटोची कड किती काम करते हे मी यापेक्षा सोपं करून सांगू शकलो नसतो.

लँग यांनी हा फोटो लांबचा फोटो कापून केलेला नाही, त्या खरोखर जवळ गेल्या होत्या, हेही मुलांना सांगा. पट्ट्यांच्या खेळाने तसा गैरसमज होऊ शकतो. कड कुठे पडणार हे कधी नंतर कात्रीने ठरतं आणि कधी फोटो काढणारा कुठे उभा राहतो त्यावरून आधीच ठरतं.

आता माहिती द्यायची वेळ आली. चित्राच्या तासाला आपण माहिती शेवटपर्यंत राखून ठेवली, फोटोच्या तासाला मात्र ती मधोमध हवी. तीन प्रश्नांची पद्धत इथे अपुरी पडते, कारण फोटोबद्दलचे सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न नुसतं बघून सुटत नाहीत. कोणी काढला, कशासाठी, त्या दिवशी काय झालं, हे बाहेरूनच कळावं लागतं.

मुलांना मी हे सांगतो. अमेरिकेत मंदी होती, आणि शेतमजुरांची स्थिती दाखवण्यासाठी एक सरकारी खातं फोटोग्राफर पाठवत होतं. लँग त्या खात्याच्या नोकरीत होत्या. कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावी थंडीने मटाराचं पीक गेलं होतं आणि वेचणीला आलेले मजूर छावणीत अडकले होते. मार्च १९३६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को न्यूज या दैनिकात लँग यांचे फोटो छापून आले आणि सरकारने छावणीला सुमारे ९ टन अन्न पाठवलं. ते पोचेपर्यंत हे कुटुंब तिथून निघून गेलेलं होतं.

फोटोसोबतच्या नोंदीचा आशय असा होता: कॅलिफोर्नियातले निराधार मटार वेचणारे, सात मुलांची आई, वय बत्तीस. नाव नाही. लँग यांनी ते विचारलंच नव्हतं. १९७८ मध्ये एका स्थानिक पत्रकाराने त्या बाईंना शोधून काढलं, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. वंशाने त्या चेरोकी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. बघणाऱ्यांनी मात्र इतकी वर्षं त्यांना गोरी समजलं होतं. या फोटोचा आपल्याला पैशाचाही फायदा झाला नाही, अशी त्यांची तक्रार होती. पोटासाठी गाडीचे टायर विकले असं त्या बाईने सांगितल्याचं लँग यांनी पुढे लिहिलं. कुटुंबाने ते साफ नाकारलं. कुटुंबाच्या सांगण्यानुसार गाडी वाटेत बिघडली होती, आणि फोटो काढला तेव्हा थॉम्पसन यांचा जोडीदार दोन मुलांना घेऊन गाडीच्या दुरुस्तीसाठी गावात गेला होता.

आता कालचा प्रश्न विचारा. इथे चौकटीबाहेर काय होतं? मोठी मुलगी, बिघडलेली गाडी, गावात गेलेले तिघं. 'म्हणजे इथेपण बाबा बाहेरच!' हे तुम्हाला सांगावं लागत नाही. पण आता मुलांना फरक दिसतो. चित्रातला बाप चित्रकाराने बाहेर ठेवला होता. फोटोत जे बाहेर राहिलं ते खरोखर होतं. ते कळलं असतं तर ओळ वेगळी लिहिली गेली असती आणि वाचणाऱ्याच्या मनात बाई वेगळी उभी राहिली असती. रचलेलं बाहेर आणि राहून गेलेलं बाहेर, असे दोन शब्द फळ्यावर लिहा. मग गोळा केलेल्या ओळी परत द्या आणि खाली दुसरी ओळ लिहायला सांगा, यावेळी माहिती वापरून. पहिली ओळ खोडू द्यायची नाही. दोन्ही ओळी एकाखाली एक असण्यातच मजा आहे.

यानंतर 'मग फोटो खोटा का?' हा प्रश्न येतो आणि त्याला नीट वेळ द्यावा लागतो. मी एक बारीक गोष्ट दाखवतो. मूळ निगेटिव्हमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या बाईचा अंगठा दिसत होता. १९३९ मध्ये लँग यांनी तो पुसून अस्पष्ट करून घेतला. वर्गाला चार कृत्यं देतो: जवळून फोटो काढणं, अंगठा पुसणं, नाव न विचारणं, टायरची गोष्ट खात्री न करता लिहिणं. यांतलं सगळ्यात गंभीर कोणतं आणि सगळ्यात किरकोळ कोणतं? सुरुवातीला बरीच मुलं अंगठ्यावर तुटून पडतात, कारण ती उघड उघड 'फेरफार' आहे. मग कोणीतरी म्हणतं, अंगठा असला-नसला तरी बाईबद्दल आपल्याला तेच वाटलं असतं, पण टायर विकले म्हटल्यावर वेगळं वाटतं. इथून पुढे 'खरं की खोटं' एवढ्यावर भागत नाही, कशाने अर्थ बदलला हे मुलं शोधायला लागतात. वर्गाचं एकमत झालं नाही तरी चालेल. माझ्या मते नाव न विचारणं सगळ्यात जड, पण ते मी मुलांना सांगत नाही.

तिसरा तास जाहिरातीचा, आणि तोवर मुलं तयार झालेली असतात. दुधात घालायच्या पावडरची, साबणाची किंवा विम्याची जाहिरात घ्या, ज्यात आई आणि मूल आहे. ती साधारण अशी असते. सकाळचं ऊन आलेलं स्वयंपाकघर, गणवेशातला मुलगा, गळ्यात पदक, आई त्याच्याकडे कौतुकाने बघतेय. उजव्या कोपऱ्यात डबा, आणि तो शेजारच्या कपाच्या मानाने जरा जास्तच मोठा. वर ठळक वाक्य, त्यावर छोटी चांदणी, आणि चांदणीचा खुलासा तळाशी मुंगीच्या अक्षरांत. आधी नजरांचा माग काढू द्या. आई मुलाकडे बघते, मुलगा आपल्याकडे बघतो, आणि आपली नजर फिरत फिरत त्या कोपऱ्यातल्या डब्यावर येते. पेन्सिलीने बाण काढले की हा रस्ता स्पष्ट दिसतो. रविवर्मांच्या चित्रात नजर बाहेर जात होती, लँग यांच्या फोटोत कुठेच पोचत नव्हती, इथे ती बरोबर डब्यावर आणून सोडली जाते.

मग कागदाचा तुकडा घेऊन डबा आणि अक्षरं झाकायला सांगा. उरलेल्या चित्रात काही कमी वाटतं का? बहुतेक वेळा नाही. आईचं प्रेम, पदक, ऊन, सगळं डब्यावाचून नीट चालतं. म्हणजे डबा आणि हा आनंद यांचा चित्रातला संबंध एवढाच, की दोन्ही एका कागदावर शेजारी छापले आहेत. मुलांना ही गोष्ट फार आवडते, आणि घरी जाऊन ती प्रत्येक जाहिरातीवर हात ठेवून बघतात. अपवादही त्यांनाच शोधू द्या. काही जाहिराती डबा झाकला की खरंच कोलमडतात, कारण त्यांत वस्तू काय करते ते दाखवलेलं असतं.

हाच खेळ उलटा खेळायचा असेल तर इंग्लंडमधलं एक उदाहरण आहे. चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांनी १८८६ मध्ये आपल्या नातवाचं चित्र काढलं; लहान मुलगा साबणाचे फुगे सोडून वर बघतोय. युरोपच्या जुन्या चित्रांत असा फुगा म्हणजे क्षणात संपणारं आयुष्य, हा संकेत ठरलेला होता. पुढे ते चित्र पेअर्स साबणाच्या कंपनीकडे आलं आणि त्यांनी छापताना खाली एक साबणवडी घातली. मूळ चित्र द्या, कागदाची वडी कापून ठेवायला सांगा आणि उचलायला सांगा. एका वडीने फुग्याचा अर्थ कुठल्या कुठे जातो, हे मुलांना स्वतःच्या हातांनी कळतं.

आता तोच प्रश्न, चौकटीबाहेर काय? किंमत, साखर किती, हे पदक कशाचं, चांदणीच्या खुलाशात काय म्हटलंय. आणि बाबा? बाबा इथेही नाहीत! पण दाराबाहेर कोणी येतंय असं चित्र सुचवत नाही आणि कोणी गावातही गेलेलं नाही. या घरात बाबांची जागाच ठेवलेली नाही, कारण डबा विकत घेणारी म्हणून जाहिरातवाल्याने आई धरली आहे. चौकटीबाहेर एकच माणूस उभा आहे, तो म्हणजे पुरवणी हातात धरलेली वाचणारी. मुलगा आपल्याकडे बघतो तो म्हणूनच. रचलेलं आणि राहून गेलेलं यांच्या शेजारी मी फळ्यावर तिसरं लिहितो, तुमच्यासाठी मोकळं ठेवलेलं. बापाची जागा दाखवणारी जाहिरातही मिळते. ती सापडली तर आणायला सांगा, तिच्यात काय विकतात ते बघणं फार बोलकं असतं.

वेळ उरला तर एक वस्तू वर्गात आणा: तान्ह्या बाळांच्या दूध पावडरचा रिकामा डबा. डाळ-तांदूळ ठेवायला तो कुणाच्या ना कुणाच्या घरी असतो. मुलांना म्हणा, यावर आई आणि बाळ शोधा. सापडत नाहीत. १९९२ च्या कायद्याने या डब्यावर बाईचं किंवा बाळाचं चित्र छापायला बंदी आहे, आणि आईचं दूधच सर्वोत्तम अशी सूचना मोठ्या अक्षरांत छापावी लागते. २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. अशा पावडरची लोकांपुढे जाहिरात करायलाही बंदी आहे. डब्यावरच्या मजकुरात एकही खोटा शब्द नसला, तरी हसऱ्या बाळाचं चित्र आईच्या दुधाऐवजी हे चालेल असं सुचवून जातं, म्हणून चित्रच नको, असं कायद्याने ठरवलं. मोठ्या मुलांच्या पावडरीला हा नियम नाही, म्हणून तिच्यावर आई आणि मुलगा अजून हसतायत. दोन डबे शेजारी ठेवता आले तर वेगळं काही सांगावं लागत नाही.

आता मार्कांचं. 'चित्राचा अर्थ सांगा' असा प्रश्न देऊ नका. मुलं एकमेकांची किंवा तुमची वाक्यं लिहितात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. त्या आठवड्याच्या पेपरातला, कुणी न पाहिलेला एक फोटो द्या, खालची ओळ कापून. तीन गोष्टी लिहायला सांगा. 'वाटतंय'ची दोन वाक्यं, प्रत्येकाला 'दिसतंय'चा आधार. चौकटीबाहेर काय असू शकेल आणि ते कळलं तर अर्थ कसा बदलेल. आणि हे नक्की करायला कुणाला काय विचारावं लागेल. दहापैकी चार पहिल्याला, चार दुसऱ्याला, दोन तिसऱ्याला. अंदाज खरा निघाला की नाही याला मार्क नाहीत. 'फोटो खोटा आहे' एवढंच लिहून आधार न देणाऱ्याला 'फोटो छान आहे' लिहिणाऱ्याइतकेच मार्क द्या आणि वही परत देताना ते वर्गात सांगा; पुढच्या वेळी ते वाक्य फारसं दिसत नाही. जो चांगलं बोलतो पण लिहीत नाही त्याला प्रिंटवर बोट ठेवून तोंडी उत्तर द्यायची मुभा ठेवा, कारण इथे आपण त्याचं बघणं तपासतोय. शुद्धलेखनासाठी बाकीचं वर्ष आहेच.